रात्रीची लाइट, अपुरी झोप आणि तांब्याचा आवाज

प्रश्न: सर, मी चोपडा तालुक्यातला, केळी आणि थोडा गहू-मका आहे. ज्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची असते त्या आठवड्यात घरात कोणी भांडं जरी जोरात ठेवलं तरी माझं डोकं सणकतं, पोरांवर ओरडतो, नंतर वाईट वाटतं. दिवसाची लाइट आली की मी आपला नॉर्मल. गंमत म्हणजे मोठं काही झालं, मोटर जळाली, केळीचा भाव पडला, तर शांतपणे निभावतो. हे झोपेमुळे होतं का बीपी वगैरे काही आहे? काय करू?

उत्तर:

भाऊ, बाकी सगळं बाजूला ठेवून मी तुमच्या त्या "मोठं काही झालं तर शांतपणे निभावतो" पासून सुरुवात करतो. मी जळगावात बावीस वर्षं मानसोपचाराची प्रॅक्टिस करतोय. चिडचिड होते म्हणून येणारे भरपूर, पण लहान गोष्टीला होते आणि मोठ्या गोष्टीला होत नाही हा फरक स्वतःहून सांगणारे फार थोडे. आणि झोपेच्या बाबतीत नेमका तोच फरक महत्त्वाचा आहे.

२०१२ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लोकांनी एक प्रयोग छापला. काही धडधाकट माणसं एक रात्र जागी ठेवली, काहींना नीट झोपू दिलं, आणि मग दोघांनाही आधी सोपं, फार टेन्शन न देणारं काम दिलं आणि नंतर चांगलंच टेन्शन येईल असं काम दिलं. आपल्याला वाटेल की जागरणवाले दोन्हीकडे जास्त वैतागतील, पण तसं झालं नाही. अवघड कामात दोन्ही गट सारखेच वैतागले. फरक पडला तो सोप्या कामात, तिथे जागरणवाल्यांना जास्त ताण, जास्त धास्ती आणि जास्त राग आला. म्हणजे झोप गेली की प्रत्येक राग मोठा होतो असं नाही, राग यायला जे कारण लागतं ते लहान होत जातं.

तुम्ही मोटरवाले आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेवर अँपिअरचा छोटा डायल असतो ना, तो कोणी चुकून कमीवर फिरवून ठेवला तर काय होतं? मोटर चांगली, केबल चांगली, विहिरीत पाणी आहे, तरी नेहमीच्याच लोडवर ट्रिप मारते, आणि आपण उगाच मोटर वर काढून बघतो. खरा फॉल्ट असेल तर डायल कुठेही असो, ट्रिप व्हायचीच. तुमचं तसंच आहे. मोटर जळाल्यावर तुम्ही झोप झालेल्या आठवड्यात जसे वागाल तसेच जागरणाच्या आठवड्यातही वागता, कारण ते कारणच मोठं आहे. त्यात माझा स्वतःचा एक अंदाज असा की मोठ्या प्रसंगाला माणूस कंबर कसून उभा राहतो, चार माणसं सल्ला द्यायला येतात, आणि भांड्याचा आवाज मात्र बेसावध असताना कानावर येतो, तिथे ब्रेक आपोआप लागायला हवा. झोप नसली की नेमका तो आपोआप लागणारा ब्रेकच ढिला पडतो.

हा ब्रेक म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डाला, त्याचं काम घराच्या कुत्र्यासारखं, काहीही हललं की भुंकायचं. आणि कपाळामागे जो पुढचा मेंदू आहे त्याचं काम मालकाचं, "गप रे, ओळखीचाच आहे" म्हणायचं. २००७ मध्ये मॅथ्यू वॉकर यांच्या टीमने २६ तरुणांचं एमआरआय स्कॅन करून बघितलं, त्यातले १४ जण साधारण ३५ तास जागे होते. साध्यापासून नकोशा वाटतील अशा चित्रांपर्यंत १०० चित्रं दाखवली तेव्हा जाग्या लोकांच्या अमिग्डालाचा प्रतिसाद साधारण ६० टक्क्यांनी जास्त आला, आणि पुढच्या मेंदूशी त्याचं कनेक्शन ढिलं पडलेलं दिसलं. हा ६० टक्क्यांचा आकडा व्हॉट्सअपवर "झोप नाही तर राग ६० टक्के वाढतो" असा फिरतो, तो चुकीचा आहे. तो स्कॅनवरचा सिग्नल आहे, रागाचं माप नाही, आणि तो सलग दीड दिवस जागलेल्या माणसांचा आहे. तुमचं तसं नाही, तुमची झोप रोज थोडी थोडी तुटते. पण त्यावरही काम झालंय, २०१३ मध्ये जपानमध्ये पाच दिवस फक्त चार-चार तास झोपलेल्या पुरुषांना घाबरलेले चेहरे दाखवले तर चित्र त्याच दिशेचं निघालं, भुंकणं जास्त आणि मालकाचा आवाज कमी. म्हणजे पूर्ण रात्र जागायलाच पाहिजे असं काही नाही.

अजून एक गोष्ट आहे, आणि तुमच्या भांड्याशी तिचा थेट संबंध आहे. २०१५ मध्ये तेल अवीवच्या संशोधकांनी १८ जणांना एकदा झोप झाल्यावर आणि एकदा रात्रभर जागवून तपासलं. स्क्रीनवर ठिपक्यांकडे लक्ष द्यायचं आणि मध्ये मध्ये चित्रं येतात ती सोडून द्यायची, काही चित्रं मन हलवणारी, काही अगदी बिनमहत्त्वाची, चमच्यासारखी. झोप झालेली असताना बिनमहत्त्वाच्या चित्रांनी लक्ष हलत नव्हतं. जागरणानंतर चमचाही तितकाच लक्ष खेचायला लागला जितकं भावनिक चित्र खेचतं. म्हणजे "हे साधं आहे, सोडून दे" हा शिक्काच मेंदू मारेनासा होतो.

आता हे घरात कसं दिसतं ते एका पेशंटच्या वहीतून सांगतो, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक बदललंय. पारोळ्याकडचा चाळिशीतला शेतकरी, विहिरीवरचं पाणी, गहू आणि मका. ठिबक नाही, पाटाने पाणी भरायचं, म्हणजे दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठून एक वाफा बंद करून दुसरा फोडायचा, त्यामुळे शेतात खाटेवर पडलं तरी झोप नाहीच. बायको सोबत आली होती, मी विचारलं "काय व्हयनं?" तर तिने एवढंच सांगितलं की हे पहिले असे नव्हते. त्याला गोळी हवी होती. मी म्हटलं गोळी नंतर, आधी तीन आठवडे वही लिहा, तीनच गोष्टी, किती वाजता झोपलो आणि उठलो, कशाचा राग आला, आणि ० ते १० मध्ये किती.

रात्रीच्या लाइटीचा आठवडा, तिसरा दिवस. सकाळी पावणेसातला झोपला, दहाला दहा कमी असताना घंटागाडीच्या गाण्याने उठला, परत झोप नाही. दुपारी एकला जेवायला बसला, बायकोने पाण्याचा तांब्या जमिनीवर ठेवला, आवाज झाला. वहीत लिहिलंय, "तांब्या मुद्दाम आपटला. राग ८." ताट सरकवलं, उठून गेला, दोन तास कोणाशी बोलला नाही.

पुढचा आठवडा दिवसाच्या लाइटीचा, चौथा दिवस. रात्री सव्वादहा ते पहाटे साडेपाच झोप. तेच घर, तोच तांब्या, तसाच आवाज. वहीत, "तांब्या वाजला, ती घाईत होती. राग २."

त्या दोन ओळींपुढे त्यालाच बसवलं आणि मोठ्याने वाचायला लावलं. आकड्यांपेक्षा शब्द बघा. पहिल्यात तांब्या "आपटला" आणि तोही "मुद्दाम", दुसऱ्यात तो नुसता "वाजला". आवाज तोच, पण जागरणाच्या दिवशी त्यात हेतू दिसला. मी एवढ्या वर्षांत हे इतक्यांदा बघितलंय की आता चिडचिडीची तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी हेच कान देऊन ऐकतो, तो काय झालं ते सांगतोय का समोरच्याने काय "केलं" ते सांगतोय. झोपेतून आलेल्या रागात हा "मुद्दाम" शब्द फार असतो. आणि त्याच वहीत अजून एक होतं, झोप झालेल्या आठवड्यात पोरगं गाडीवरून पडलं तेव्हा राग-धास्ती मिळून ७, आणि जागरणाच्या आठवड्यात काढलेला मका पावसात भिजला तेव्हाही ७. मोठ्या गोष्टीला दोन्हीकडे सारखंच. एका माणसाची वही म्हणजे काही शास्त्रीय पुरावा नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते त्याच्या वहीत तसंच्या तसं होतं म्हणून सांगितलं.

(माझंही सांगून टाकतो. रेसिडेंट असताना छत्तीस तासांच्या ड्यूटीनंतर एका वॉर्डबॉयवर मी पेनाचं टोपण हरवलं म्हणून ओरडलो होतो. त्याच रात्री एक पेशंट सिरियस झाला तेव्हा मात्र हात थरथरला नाही का आवाज चढला नाही. टोपण माझ्याच खिशात निघालं.)

आता तुम्ही म्हणाल की इतकी वर्षं करतोय, शरीराला सवय झालीय. इथे बरेच जण फसतात. २००३ च्या एका अभ्यासात लोकांना १४ दिवस रोज चार, सहा किंवा आठ तास झोपू दिलं. सहा तासवाल्यांचं लक्ष आणि चपळाई दिवसेंदिवस घसरत गेली, दोन आठवड्यांनी ती रात्रभर जागलेल्या माणसाच्या पातळीला आली, चार तासवाल्यांची तर त्याहून वाईट. पण त्यांना विचारलं की झोप येतेय का, तर ते म्हणत होते थोडीफार, पहिल्या काही दिवसांनंतर त्यांना वाटणारी झोप फारशी वाढलीच नाही. हा अभ्यास लक्षाचा होता, रागाचा नाही, ते मान्य. पण त्यातून एवढं कळतं की झोप कमी पडतेय का हे ज्याची कमी पडतेय त्यालाच विचारून उपयोग नाही. म्हणून मी बायकोला किंवा आईला विचारतो.

आणि तुमची दिवसाची झोप मोजताना एक हिशोब चुकतो. सकाळी सहा-साडेसहाला आडवं झाल्यावर शरीराचं आतलं घड्याळ उलट सांगत असतं की उठायची वेळ झाली, आतलं तापमान वर चढायला लागतं, त्यामुळे कितीही थकलेले असलात तरी तीन-चार तासांत डोळे उघडतात. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे, पत्र्याचं घर, कूलरला लाइट नाही, म्हणजे विचारूच नका. तुम्ही "दहापर्यंत झोपलो" म्हणता, पण प्रत्यक्षात ते साडेतीन तास असतात, तेही तुकड्यातुकड्यांत.

एक माणूस यात विसरला जातो, तुमची बायको. तुम्ही रात्री उठता तेव्हा ती उठते, टॉर्च शोधून देते, दार लावते, शेतात साप-बिबट्याची धास्ती म्हणून परत येईपर्यंत नीट झोपत नाही, आणि पहाटे पोरांच्या डब्यासाठी परत उठते. आपल्या झोपेतला स्वप्नांचा जो भाग असतो, ज्याला रेम झोप म्हणतात, तो रात्रीच्या शेवटच्या तासांत जास्त असतो. या झोपेत मेंदूतलं नॉरअ‍ॅड्रेनालिन, म्हणजे सावध ठेवणारं रसायन, अगदी खाली जातं, आणि दिवसभरातल्या बोचऱ्या आठवणींची धार त्यात कमी होते असं बऱ्याच संशोधकांचं मत आहे. चारला उठणाऱ्या बाईचा नेमका हाच भाग कापला जातो. म्हणजे तुमच्या घरात एक नाही, दोन डायल खाली आलेले आहेत. जोडप्यांवरचा एक अमेरिकन अभ्यास आहे, २०१४ चा, त्यात भांडण नीट मिटण्यासाठी दोघांचीही झोप झालेली असणं गरजेचं दिसलं, एकाची होऊन भागत नव्हतं. त्यामुळे "ती पण आजकाल लगेच चिडते" असं तुम्हाला वाटत असेल तर तिचे झोपेचे तास आधी मोजा.

करायचं काय ते आता. त्या पारोळ्याच्या पेशंटने जे केलं तेच आधी सांगतो कारण ते फुकटात झालं. त्याचा चुलतभाऊ शेजारच्याच बांधावर, दोघेही पूर्ण रात्र जागायचे. त्यांनी रात्र अर्धी केली, दहा ते दोन एकाने दोन्ही शेतांत पाणी बघायचं, दोन ते सहा दुसऱ्याने. दुसऱ्या दिवशी उलट. त्यामुळे रोज रात्रीच्या अंधारातली सलग चार तास झोप पक्की झाली, वर सकाळचे किंवा दुपारचे एक-दीड तास. दोन पाळ्यांनंतर वहीतले आठ-सातचे आकडे तीन-चारवर आले. शून्यावर आले नाहीत, येणारही नव्हते. तुमच्याकडे केळीला ठिबक असेल तर अजून सोपं, फिल्टर आणि व्हॉल्व बघायला किती वेळा उठावं लागतं ते एकदा मोजा, बऱ्याच ठिकाणी माणूस कामापेक्षा धास्तीने जागा असतो. सोलर पंप मिळत असेल तर तो हाच प्रश्न मुळातून काढतो, पण तो निर्णय पाणी किती खोल आहे त्यावर, त्यात मी पडत नाही.

वाटणी जमत नसेल तर निघायच्या आधी संध्याकाळी जेवून दीड तास झोपून घ्या, झोप येत नसली तरी अंधार करून पडा. हे आधीच झोपून घेणं नंतरच्या झोपेपेक्षा जास्त कामाला येतं असा माझा अनुभव आहे. शेतातला चहा दोन वाजेपर्यंत, त्यानंतर नाही, कारण प्यायलेल्या चहातलं अर्धं कॅफिन पाच-सहा तासांनीही अंगात असतं, पहाटे चारचा चहा सातच्या झोपेत बसून राहतो. घरी आल्यावर मोबाइल बायकोकडे देऊन खिडकीला गोधडी लावून लगेच पडायचं, आधी दूध घालून येतो, आधी पेपर बघतो असं नको. उन्हाळ्यात अंगावर ओला पंचा आणि पंखा असला तरी झोप लवकर लागते, कारण झोप लागायला अंग थोडं थंड व्हावं लागतं.

झोप यावी म्हणून एक-दोन पेग घेणारे आपल्याकडे कमी नाहीत. दारूने डोळा लवकर लागतो खरा, पण झोपेचा उत्तरार्ध तुटतो आणि रेमही कमी होते, म्हणजे जे आधीच कमी पडतंय तेच अजून कापायचं. मेडिकलवरून कोणाच्या तरी चिठ्ठीवर झोपेची गोळी आणू नका. रात्री पाटाच्या कडेने चालायचं, मोटरच्या पेटीला हात लावायचा, सकाळी ट्रॅक्टर काढायचा, त्यात गोळीची गुंगी म्हणजे वेगळंच संकट.

आणि जागरणाच्या आठवड्यात घरातला पैशाचा, पोराच्या मार्कांचा, सासुरवाडीचा विषय दुपारी बाराच्या आत काढायचा नाही, संध्याकाळी झोप झाल्यावर काढायचा. हे बायकोला आधीच, दिवसाच्या लाइटीच्या आठवड्यात सांगून ठेवा, चिडलेले असताना सांगितलं तर ते पण भांडणच वाटतं.

आता हे खरंच झोपेचं आहे का ते कसं ओळखायचं. तुमची केस सोपी आहे कारण लाइटीचं टाइमटेबलच तुमच्यासाठी प्रयोग करतंय, एक आठवडा जागरण, एक आठवडा झोप. वही लिहा. दिवसाच्या लाइटीत सात-आठ तास झोप झालेल्या तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत चिडचिड उतरत असेल तर ती झोपेचीच. पूर्ण आठवडा झोपूनही तांब्या "मुद्दाम"च आपटला जात असेल तर मग मला किंवा जवळच्या डॉक्टरला भेटा, कारण उदासीचा आजार, थायरॉइड, दारू, कशामुळेही माणूस असा होतो. बायको म्हणत असेल की तुम्ही जोरात घोरता आणि मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो, तर तास पुरे होऊनही झोप होत नसते, ती तपासणी वेगळी. आणि एक उलटी खूण, कोणी चार दिवस दोन-तीन तास झोपूनही थकत नाही, उलट अंगात जोर आलाय, बोलणं वाढलंय, पैसे उधळतोय, चिडतोय, तर ते जागरणाचं नाही, तिथे कमी झोप हे आजाराचं लक्षण असू शकतं आणि त्याला त्याच आठवड्यात घेऊन या. घरात हात उचलायची वेळ येत असेल किंवा स्वतःच्या जिवाचं काही मनात येत असेल तर वही-बिही नको, सरळ या.

बीपीचं विचारलंय. बीपी वाढलं म्हणून माणूस चिडखोर होतो असं सहसा नसतं, बीपीला बहुतेक वेळा काही लक्षणंच नसतात. पण कमी झोपेने आणि त्या घोरण्याच्या आजाराने बीपी वाढू शकतं, म्हणून मोजून घ्याच, गावच्या उपकेंद्रातही होतं. एकदा रात्रीच्या लाइटीच्या आठवड्यात आणि एकदा दिवसाच्या, पाच मिनिटं शांत बसून, चहा-तंबाखू अर्धा तास आधी बंद करून, आणि दोन्ही आकडे त्याच वहीत झोपेच्या तासांशेजारी लिहा. भेटायला आलात तर वही सोबत आणा, आणि बायकोलाही.